डोंगराला श्रेय देऊ नका

वर्तमानपत्राच्या डेस्कवर नव्याने रुजू झालेल्या माणसाला सुरुवातीला मोठी बातमी देत नाहीत, फोटोओळी लिहायला देतात. काम बारीक वाटतं, पण त्यात माणूस लगेच उघडा पडतो. फोटोत जे दिसतं ते पुन्हा लिहायचं नाही, हा पहिला धडा. 'दीपप्रज्वलन करताना मान्यवर' या ओळीतून वाचकाला काहीच मिळत नाही, कारण दिवा त्यालाही दिसतो. दिसत नाही ते लिहायचं असतं: कोण, कुठे, केव्हा, कशासाठी. आणि शेवटी, कितीही जागा कमी असली तरी, 'छाया:' लिहून ज्याने फोटो काढला त्याचं नाव.

आता फोटोओळ लिहिणं हे डेस्कवरच्या माणसांपुरतं राहिलेलं नाही. प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि प्रत्येकाला फोटोखाली काहीतरी लिहायचं आहे. त्यातला एक प्रकार गेली काही वर्षं मी लक्ष देऊन पाहतो आहे. मोठ्या आजारातून उठलेला माणूस पहिल्यांदा एकट्याने कुठेतरी जातो, दरीच्या काठावर हात पसरून उभा राहतो, पाठ कॅमेऱ्याकडे आणि तोंड वाऱ्याकडे. खाली ओळ येते: डोंगरांनी बोलावलं आणि बरं केलं. किंवा: लढले, जिंकले, परत आले. नाहीतर: स्वतःलाच पुन्हा भेटले.

या ओळींवर माझा आक्षेप भाषेचा नाही. भडकपणा माणसाला कधीकधी शोभतो, आणि आजारातून उठल्यावर तर नक्कीच माफ असावा. माझा आक्षेप हिशेबाचा आहे. अशा फोटोखालची ओळ मुळात श्रेय वाटत असते. मी आज इथे उभी आहे ती कोणामुळे, याचं उत्तर त्या ओळीत असतं, लिहिणाऱ्याच्या मनात असो वा नसो. आणि बहुतेक ओळी ते श्रेय भलत्यालाच देऊन मोकळ्या होतात.

उदाहरण घरातलंच घेतो. माझ्या भाचीला फुप्फुसाचा क्षयरोग झाला. आपण सगळे त्याला टीबीच म्हणतो, मीही तेच म्हणेन. सहा महिने औषधं झाली, शेवटची थुंकीची तपासणी स्वच्छ आली, आणि काही आठवड्यांनी ती स्वारगेटहून एसटीत बसून एकटी पाचगणीला गेली. टेबललँडवर तिने एक फोटो काढून घेतला. परत आल्यावर तो मला पाठवला आणि म्हणाली, "मामा, तू पेपरात फोटोखाली लिहायचास ना, मग याखाली काय लिहू ते सांग." खाली तिचे स्वतःचे दोन-तीन मसुदेही होते. पहिला अर्थातच डोंगरांचा.

पाचगणीच्या फोटोखाली 'डोंगरांनी बरं केलं' असं टीबीतून उठलेल्या मुलीने लिहावं, यात एक गंमत आहे जी तिला ठाऊक नव्हती. शंभर वर्षांपूर्वी लोक पाचगणीला याच आजारासाठी जात. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली तिथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केलं. समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर उंची, कोरडी हवा, पठारं आणि ऊन. त्या काळच्या वैद्यकाला यापलीकडे फारसं काही देता येत नव्हतं. रुग्णाला उघड्या व्हरांड्यात खाटेवर महिनोन्‌महिने पडून राहायला लावायचं, दूध-अंडी खायला घालायची, ताप मोजायचा आणि वाट पाहायची. काही ठिकाणी छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मुद्दाम मिटवून ठेवत, त्याला विश्रांती मिळावी म्हणून. काही रुग्ण बरे होत, पुष्कळ होत नसत. पैसेवाले परदेशीही जात. कमला नेहरूंना आधी भोवालीला ठेवलं, मग युरोपात नेलं, आणि १९३६ साली लोझानला त्या गेल्या. हवेत औषध असतं तर त्यांना मिळालेली हवा काही कमी प्रतीची नव्हती.

हवापालटावरचा हा विश्वास कुठे मोडला, हे पाहायचं तर मद्रासला जावं लागतं. १९५६ साली तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारावर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं आणि त्याने एक साधा, धीट प्रश्न विचारला. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले रुग्ण घेतले. त्यातल्या काहींना आरोग्यधामात ठेवलं. तिथे खाट, विश्रांती, चांगलं जेवण. बाकीच्यांना त्यांच्याच कोंदट खोलीत राहू दिलं. तिथे अपुरं अन्न, दाटीवाटी, जमेल तसं काम. औषधं दोघांना सारखीच, एक वर्ष. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा दोन्ही गटांचं बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना त्यामुळे जास्त लागण झाली, असंही आढळलं नाही. जगभरची क्षयरोग्यांची आरोग्यधामं पुढे रिकामी होत गेली, त्यामागे या एका अभ्यासाचा हात मोठा आहे. रुग्ण बरा होत होता तो गोळ्यांनी, आणि गोळ्या डोंगरावर जेवढं काम करतात तेवढंच चाळीतही करतात.

तेव्हा भाचीला मी म्हटलं की डोंगराची ओळ काढून टाक. तुला बरं केलं ते चार औषधांनी. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने त्यातलं पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. डोंगर तू बरी झाल्यावर पाहिलास. पाचगणी तुझ्या औषधांच्या यादीत कुठेच नव्हती.

यावर ती म्हणाली की असं गोळ्यांचं नाव घेऊन कोणी फोटो टाकतं का. बरोबर आहे, कोणी टाकत नाही. पण डोंगराला श्रेय देण्यातला तोटा फक्त तपशिलाचा असता तर मी वाद घातला नसता. ही ओळ वाचणाऱ्यांत एखादी अशी असते जिच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात आहेत. खोकला थांबलाय, वजन वाढलंय, ताप नाही, आणि गोळ्यांनी मळमळतंय. टीबीत उपचार सुटतात ते बऱ्याचदा याच टप्प्यावर, कारण माणसाला वाटतं आपण बरे झालो. प्रत्यक्षात जोमाने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, पण सुस्त पडून असलेले थोडे उरतात, आणि त्यांच्यासाठीच पुढचे महिने असतात. औषध मध्येच सोडलं की आजार उलटू शकतो आणि मग जंतू औषधाला दाद देतीलच असं नाही. अशा मुलीला मोकळी हवा आणि मनाची उभारी यांनी माणूस बरा होतो असं सुचवणं मला बेजबाबदार वाटतं.

श्रेयाचा हिशेब करायचाच तर जेवणाचा वाटा मात्र मान्य करायला हवा. मद्रासच्या अभ्यासातून 'खाण्यापिण्याने काही होत नाही' असा अर्थ काढला तर तो चुकेल. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत टीबी रुग्णांच्या घरच्यांना जास्तीचा शिधा दिल्यावर त्या घरांतल्या नव्या टीबीचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलं. आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी झाले. सरकार टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला पैसे देतं, आधी पाचशे रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार, ते याच कारणाने. माझ्या बहिणीने सहा महिने लेकीला रोज दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे समोर बसून खायला लावले. त्या अंड्यांचा हक्क दरीतल्या वाऱ्यापेक्षा मोठा आहे.

दुसरा मसुदा होता लढाईचा: टीबीला हरवलं. हा जास्त अवघड, कारण त्याला सरकारी आधार आहे. 'टीबी हारेगा, देश जीतेगा' हे तर मोहिमेचं नावच, आणि कार्यक्रमात बरे झालेल्यांना टीबी विजेते म्हणतात. हेतू चांगला आहे. तोंड लपवणाऱ्या माणसाला मान वर करून उभं करायचं असेल तर 'विजेता' म्हणणं कामाला येतं, हे मी अमान्य करत नाही. तरीही व्यक्तीच्या फोटोखाली ही ओळ मला खटकते. सुझन सोंटॅगने १९७८ साली आजार आणि रूपक यांवर जे छोटं पुस्तक लिहिलं, ते स्वतः कर्करोगावरचे उपचार घेत असतानाच्या काळातलं, आणि त्यात क्षय आणि कर्करोग हेच दोन आजार समोरासमोर ठेवलेत. आजाराला दुसऱ्या कशाची तरी उपमा दिली की आजारी माणसाच्या डोक्यावर नसतं ओझं चढतं, असा तिचा मुद्दा. लढाईची उपमा आली की जो बरा होत नाही तो हरलेला ठरतो.

माझ्या भाचीला ज्या जंतूंनी गाठलं ते औषधांना दाद देणारे होते, म्हणून सहा महिन्यांत सुटका झाली. तिच्याच आरोग्य केंद्रावर गोळ्या घ्यायला येणाऱ्या एकाचे जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नव्हते. त्याची औषधं वेगळी, जास्त त्रासाची, आणि त्याच्या पदरी कष्ट तिच्यापेक्षा जास्त. त्याच्यात जिद्द कमी होती म्हणून असं झालं नाही. मग तिने स्वतःला विजयी म्हणावं तर त्याला काय म्हणायचं? शिवाय ज्याला लढाई म्हणतात त्यात तिने नेमकं काय केलं? रोज सकाळी उठून रिकाम्या पोटी गोळ्या गिळल्या, तासभर चहाची वाट पाहिली, लघवी नारिंगी झाली तरी घाबरली नाही, आणि एकही दिवस चुकवला नाही. याला चिकाटी म्हणतात आणि ती युद्धापेक्षा कंटाळवाणी असते. ती आहे तशीच सांगावी.

'बरी झाले' हा शब्दही तपासून वापरायला हवा, आणि इथे सरकारी नोंदवही फोटोओळीपेक्षा काटेकोर आहे. सुरुवातीला थुंकीत जंतू सापडले आणि उपचारांच्या शेवटी सापडले नाहीत, तर नोंद 'बरा' अशी होते. गोळ्या पूर्ण झाल्या, आजार बळावल्याचं काही चिन्ह नाही, पण शेवटच्या थुंकी तपासणीचा पुरावा हाताशी नाही, तर नोंद 'उपचार पूर्ण' एवढीच. भाचीची नोंद पहिल्या प्रकारची. तरीही तिला सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीला बोलावलं आहे, कारण टीबी उलटतो तेव्हा बहुधा पहिल्या वर्षा-दीड वर्षात उलटतो. आणि फुप्फुसावर व्रण राहतात. तिच्या छातीच्या ताज्या एक्स-रेत उजवीकडे वरच्या भागात पांढुरके धागे आहेत. ते आयुष्यभर तसेच दिसतील, आणि पुढे एखाद्या नव्या डॉक्टरला ते पाहून दचकायला होईल. म्हणून जुना एक्स-रे जपून ठेव, असं तिला सांगितलं गेलं. फोटोओळीच्या दृष्टीने मला एक्स-रेची फिल्म आदर्श वाटते: नाव, वय, तारीख, आणि कुठली बाजू उजवी याची खूण. बाकी एक अक्षर नाही.

टेबललँडच्या फोटोत हे व्रण दिसत नाहीत. फोटोत दिसते ती लाल कातळाच्या पठारावर उभी असलेली, ओढणी उडत असलेली धडधाकट मुलगी. ती वाढदिवसाला आलेली असेल, नोकरी सोडून आलेली असेल, किंवा शनिवार होता म्हणून आलेली असेल. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ च्या एका निबंधात म्हटलं होतं की चित्राचे अर्थ सुटे तरंगत असतात आणि शब्द त्यातल्या एका अर्थाला नांगर टाकतात. नांगर टाकायचाच आहे, तर जे खरंच घडलं तिथे टाकावा. मी भाचीला विचारलं की तिथे असं काय झालं जे फोटोत नाही. ती म्हणाली, "चढताना तीनदा थांबले. शाळेच्या सहलीला आले होते तेव्हा पळत वर गेले होते." आणखी? "सकाळी उठल्या उठल्या चहा प्यायले. कोणी विचारलं नाही गोळी घेतली का." या दोन गोष्टींत तिचा सगळा प्रवास आला. धाप लागणं ही व्रणांची गोष्ट, आणि चहा ही गोळ्या संपल्याची. दोन्ही तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या फोटोखाली लिहिता येणार नाहीत.

तिसरा मसुदा घरच्यांना पसंत होता: मोठ्या आजारपणानंतर पहिली सफर. आजाराचं नाव नाही. बहिणीचं म्हणणं सरळ होतं. मुलीचं लग्न व्हायचं आहे, नोकरी नवी आहे, आणि टीबी म्हटलं की लोक आजही ताट वेगळं करतात. औषधं नीट चालू झाली की संसर्ग झपाट्याने उतरतो आणि उपचार संपलेल्या माणसापासून कोणाला धोका नसतो, हे शंभरदा सांगितलं तरी स्थळ आणणारी मावशी ते ऐकत नाही. ही भीती खोटी नाही, आणि बाईच्या वाट्याला ती जास्त येते. म्हणूनच 'प्रत्येकाने आपला आजार उघड सांगितलाच पाहिजे' असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशी माझं जमत नाही. लोकांच्या अज्ञानाचा खर्च एका पंचविशीतल्या मुलीने का भरावा?

पण मग आजाराचा उल्लेखच करू नये. नुसतं 'पाचगणी, टेबललँड' लिहावं, तेही पुरेसं आहे. 'मोठं आजारपण' ही सगळ्यात वाईट मधली वाट. ती कुतूहल चाळवते आणि उत्तर देत नाही. लोक आपापसात विचारतात, तर्क लढवतात, आणि तो तर्क टीबीपेक्षा भयंकर असू शकतो. शिवाय नाव न घेता सूचना देणं म्हणजे हे नाव घेण्यासारखं नाही अशी कबुली देणं. ज्या देशात जगातल्या चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक राहतो, तिथे ही कबुली फार जणांच्या वतीने दिली जाते. एक तर नाव घ्यावं, नाहीतर विषय काढू नये. कोणतं करायचं हे आई, मामा किंवा आरोग्य खातं यांनी ठरवू नये.

राहिला 'एकटी' हा शब्द. एकटीने प्रवास केला आणि फोटोत ती पूर्ण दिसते आहे, तर तो फोटो काढला कोणी? सोलो ट्रिपच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत हा दुसरा माणूस अदृश्य असतो. कधी तो फोनचा टायमर असतो, पण बऱ्याचदा हाडामांसाचा असतो. इथे तो टेबललँडवरचा एक घोडेवाला होता. घोड्यावर बसायला ती नाही म्हणाली, तरी त्याने फोन हातात घेतला, ऊन पाठीमागे येतंय म्हणून तिला चार पावलं बाजूला सरकवलं, आणि पैसे घेतले नाहीत. डेस्कवरच्या माणसाला हे नाव गाळता येणं शक्य नाही. त्याने तिचं एकटेपण कमी होत नाही. बसमध्ये ती एकटी बसली, पसरणीच्या घाटात मळमळलं तेव्हा खिडकी तिनेच उघडली, खोलीचं कुलूप तिनेच लावलं. सहा महिने सतत कोणाच्या तरी नजरेखाली राहिलेल्या मुलीला हे पुरेसं एकटेपण आहे. फक्त ते प्रवासाचं आहे, बरं होण्याचं नाही. बरं होताना ती कधीच एकटी नव्हती.

प्रवासात ती एकटी होती म्हणून मी तिला परत आल्यावरच फोटो टाकायला सुचवलं असतं, पण ते तिने आधीच केलं होतं. एकट्या मुलीने आपण आत्ता कुठे आहोत हे जगाला सांगायची गरज नसते, आणि भूतकाळात लिहिलं की भाषाही जागेवर येते. 'उभी आहे' ऐवजी 'गेले होते' म्हटलं की फुशारकी आपोआप निम्मी होते. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: इन्स्टाग्राम २,२०० अक्षरांपर्यंत लिहू देतं, पण बोट न लावता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी. म्हणून महत्त्वाचं वर हवं, आभाराची लांबण हवीच असेल तर खाली.

शेवटी तिने लिहिलं ते असं: "टेबललँड, पाचगणी. टीबीची सहा महिन्यांची औषधं पूर्ण झाल्यावर पहिल्यांदाच एकटी बाहेर गेले. चढताना तीनदा थांबले. सकाळी उठल्याबरोबर चहा प्यायले. छाया: टेबललँडवरचे घोडेवाले काका." आजाराचं नाव घ्यायचं तिनेच ठरवलं. 'छाया' हा शब्द मामासाठी ठेवला असावा, तिच्या वयाचं कोणी तो वापरत नाही.

बहिणीला फोन आले, त्यातले दोन तिखट होते. पण खाली एका जुन्या वर्गमैत्रिणीने विचारलं की तुला सुरुवातीला काय होत होतं. भाचीने उत्तर दिलं: दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, कारण नसताना वजन घटणं. असा फोटो तुमच्याकडे असेल आणि नाव घ्यायची तुमची तयारी असेल, तर डोंगराच्या जागी एवढी माहिती लिहा. थुंकीची तपासणी आणि पूर्ण औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.